तिमाहीचं टार्गेट हुकल्यावर टीमला काय लिहावं?

प्रश्न: साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट आणि धुण्याची पावडर विकणाऱ्या कंपनीत मी सातारा-सांगली-कोल्हापूरचा एरिया सेल्स मॅनेजर आहे. जुलै-सप्टेंबर 2025 चं टार्गेट 4 कोटी 80 लाख होतं, झाले 4 कोटी 8 लाख. जुलैत 24 लाख कमी पडले, ऑगस्टमध्ये 7, सप्टेंबरमध्ये 41. 30 जूनला डिस्ट्रिब्युटरांकडे 23 दिवसांचा माल होता, एरवी 18 दिवसांचा असतो. विट्याच्या डिस्ट्रिब्युटरचे दोन्ही सेल्समन ऑगस्टच्या सुरुवातीला सोडून गेले. कंपनीकडून त्याला येणं असलेल्या पैशांचे एप्रिलपासूनचे क्लेमही अडकलेत. बाकी सगळा घोळ जीएसटीच्या बदलाचा आहे असं टीम म्हणते. आता मला टीमला मेसेज लिहायचाय. कारणं किती उघड सांगू? पुढचं काय लिहू? कोणाचं मन मोडायचं नाही, पण गुळमुळीतही नको.

उत्तर:

मेसेजचे शब्द नंतर बघू. आधी 72 लाखांची फोड करा, कारण तुमची टीम सगळी तूट ज्या कारणावर टाकतेय ते कारण खरं असलं तरी सगळ्या तुटीला पुरत नाही. फोड न करता लिहिलेला मेसेज दोनपैकी एका खड्ड्यात जातोच. एक तर सगळं खापर सरकारच्या निर्णयावर फुटतं आणि टीम हात झटकून मोकळी होते, नाहीतर सगळं खापर टीमवर फुटतं आणि ज्यांनी खरंच राबून काम केलं तेही मनातून तुटतात. एकेका लाखाला त्याचं कारण चिकटवलं की दोन्ही टळतं.

तारखांपासून सुरुवात करा. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी सुधारणांची घोषणा केली 15 ऑगस्टला. कौन्सिलचा निर्णय आला 3 सप्टेंबरला आणि नवे दर लागू झाले 22 सप्टेंबरला. म्हणजे जुलैतल्या 24 लाखांचा या बदलाशी काडीचा संबंध नाही. त्या महिन्यात दर बदलणार आहेत हे दुकानदाराच्या गावीही नव्हतं. जुलैचं उत्तर तुमच्या क्लोजिंग स्टॉकमध्ये आहे. तुमची दिवसाची विक्री साधारण पाच लाखांच्या आत-बाहेर धरली, तर पाच दिवसांचा जास्तीचा माल म्हणजे 24-25 लाख. हा माल जूनच्या शेवटच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात गेला, मागची तिमाही पूर्ण झाली आणि जुलैत त्यांनी तेवढाच माल कमी उचलला. खात्री करायची असेल तर जुलैची सेकंडरी काढा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल. ती नेहमीसारखी असेल आणि फक्त प्रायमरी, म्हणजे आपलं डिस्ट्रिब्युटरला झालेलं बिलिंग, पडलेलं असेल, तर बाजार मंदावलेला नव्हता. जूनमध्ये लोडिंग झालं होतं, त्याचंच हे उलट टोक.

आता सप्टेंबर. इथे तुमच्या हातात एक फार चांगली कसोटी आहे आणि ती तुम्ही वापरलेली दिसत नाही. साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल आणि टूथपेस्ट यांचा दर 18 वरून 5 टक्क्यांवर आला. धुण्याची पावडर मात्र 18 टक्क्यांवरच राहिली. मग सप्टेंबरची तूट डिस्ट्रिब्युटरनिहाय आणि मालनिहाय मांडा. जिथे तेल-साबण पडलं पण पावडर टार्गेटच्या आसपास आली, तिथलं कारण जीएसटी. जिथे पावडरसुद्धा पडली, तिथे दुखणं दुसरं आहे.

तेल-साबणाची बिलं का थांबली हेही टीमशी बोलताना नीट सांगता आलं पाहिजे. 3 तारखेनंतर डिस्ट्रिब्युटरपुढचा हिशेब सरळ होता. आज 18 टक्के भरून माल घेतला आणि 22 नंतर विकला, तर गिऱ्हाइकाकडून पाचच टक्के वसूल होणार. वरच्या फरकाचं क्रेडिट त्याच्या खात्यावर पडून राहणार आणि तेवढं भांडवल अडकणार. कॉम्पोझिशनमधल्या किंवा नोंदणीच नसलेल्या किराणा दुकानदाराला तर ते क्रेडिटही नाही. जुना माल जुन्या छापील किमतीचा, गिऱ्हाईक विचारणार नव्या दराचं. त्यामुळे दुकानदाराने आहे तो माल संपवायचा आणि नवा मागवायचा नाही असं ठरवलं. ते तीन आठवडे कोणत्याही सेल्समनने कितीही गयावया केल्या तरी तेलाचं बिल कापलं जाणं अवघडच होतं. हे मेसेजमध्ये स्पष्ट यायला हवं, कारण टीमच्या बाजूने ते खरं आहे.

तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज असा. बाकीच्या सगळ्या डिस्ट्रिब्युटरांकडे सप्टेंबरमध्ये पावडर बरी चालली असेल आणि तेल-साबण मिळून 30 लाखांच्या आसपास खाली गेलं असेल. उरलेले 11 लाख आणि ऑगस्टचे 7 लाख विट्याचे निघतील, कारण तिथे सेल्समनच नसल्याने सगळाच माल पडला असणार. विट्याच्या 11 लाखांतही थोडा जीएसटीचा वाटा असेल, रेघ अगदी काटेकोर ओढता येणार नाही. तशी ओढायचीही गरज नाही. 24, 18 आणि 30 एवढं कळलं तरी पुढचं काम ठरतं. माझा अंदाज तुमच्या कागदांशी जुळला नाही तर कागद खरे धरा. पद्धत तीच राहील.

विट्याबाबत एक प्रश्न अजून विचारा. सेल्समन जाऊन दोन महिने झाले, तरी डिस्ट्रिब्युटरने नवे का ठेवले नाहीत? एप्रिलपासून ज्याचे क्लेम अडकलेत, तो स्वतःच्या खिशातून दोन पगार कशाला सुरू करेल? त्यामुळे हे कारण तुमच्या सेल्स ऑफिसरच्या पदरात टाकू नका. अकाउंट्समध्ये अडकलेली फाइल तो सोडवू शकत नाही. ती तुम्ही सोडवू शकता.

ही फोड झाली की मेसेज पाठवण्याआधी दोन फोन करा. पहिला विट्याच्या सेल्स ऑफिसरला. त्याच्या गावाचं नाव सगळ्या ग्रुपवर येणार आहे, तर ते त्याला आधी तुमच्याकडून कळलं पाहिजे आणि कारणात काही चुकत असेल तर त्याला सांगता आलं पाहिजे. बहुधा तो तुम्हाला एखादी गोष्ट सांगेल जी रिपोर्टमध्ये नाही. दुसरा फोन तुमच्या रिजनल मॅनेजरला. जूनच्या लोडिंगबद्दल तुम्ही लिहिणार आहात आणि ते लोडिंग तुम्ही एकट्याने केलं नसणार, वरूनही दाब आला असणार. त्यांना न विचारता लिहिलंत तर मेसेजचा स्क्रीनशॉट तासाभरात त्यांच्याकडे जाईल. त्यांनी आधीच वाचलेला असेल तर हरकत येत नाही.

आता मसुदा. भाषा तुमच्या तोंडची करून घ्या, पण क्रम बदलू नका.

> सर्वांना नमस्कार.
>
> जुलै-सप्टेंबरचं टार्गेट आपलं हुकलं. 4 कोटी 80 लाखांपैकी 4 कोटी 8 लाख झाले, म्हणजे 85 टक्के. 72 लाख कमी पडले. ते कुठे गेले ते खाली लिहितोय. आकडे चुकीचे वाटले तर मला फोन करा.
>
> जुलैचे 24 लाख: जूनअखेर आपण डिस्ट्रिब्युटरांकडे पाच दिवसांचा जास्तीचा माल घातला. तो निर्णय माझा होता. जुलैत दुकानांत माल नेहमीसारखा गेला, डिस्ट्रिब्युटरांनी फक्त आपल्याकडून कमी उचलला. ही तूट तुमच्या बाजारातल्या कामाची नाही.
>
> विटा, 18 लाख: ऑगस्टपासून तिथे दोन्ही सेल्समन नाहीत, बारा बीट बंद आहेत. डिस्ट्रिब्युटरचे क्लेम आपल्याकडून मिळाले नाहीत म्हणून नवी माणसं आली नाहीत. क्लेमचा पाठपुरावा माझ्याकडे होता आणि तो वेळेत झाला नाही.
>
> सप्टेंबरचे 30 लाख: 3 ते 22 सप्टेंबर दुकानदारांनी तेल, साबण, शाम्पू, पेस्ट घेणं थांबवलं. पावडरचा दर बदलला नाही, ती तुम्ही त्याच महिन्यात टार्गेटपर्यंत नेली. म्हणजे तुम्ही दुकानात जात होता, ऑर्डर घेत होता, हे आकड्यांतच दिसतं. पण हे 30 लाख आपोआप परत येतील असं धरू नका. रिकामी फळी जो आधी भरेल त्याची.
>
> आता कामं.
>
> विट्याचे क्लेम 10 ऑक्टोबरपर्यंत निकाली काढणं माझ्याकडे. सेल्समन 13 तारखेपासून बीटवर हवेत. तोपर्यंत विटा आणि कराडचे सेल्स ऑफिसर मिळून मंगळवार-शुक्रवार विट्यातली मोठी 40 दुकानं करतील. कराडचं त्या दिवसांचं काम मी स्वतः बघेन.
>
> प्रत्येक सेल्स ऑफिसरला उद्या संध्याकाळपर्यंत एक यादी मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये तेल-साबणाचं बिल झालं, पण 3 सप्टेंबरनंतर एकही झालं नाही, अशी तुमची दुकानं त्यात आहेत. वसुबारस 17 ऑक्टोबरला आहे. 16 तारखेपर्यंत यादीतल्या प्रत्येक दुकानात नव्या किमतीच्या मालाचं एक तरी बिल. बिल किती मोठं हे मी विचारणार नाही, किती दुकानं झाली हे विचारेन.
>
> डिसेंबरअखेर कोणत्याही डिस्ट्रिब्युटरकडे 20 दिवसांच्या वर माल नको. शेवटच्या आठवड्यात त्यावर बिल काढा असं मी सांगणार नाही.
>
> इन्सेंटिव्हबद्दल: स्लॅब 90 टक्क्यांपासून सुरू होतो, त्यामुळे आजच्या नियमाने या तिमाहीचा इन्सेंटिव्ह बसत नाही. सप्टेंबरचा वेगळा विचार व्हावा असं मी वर लिहून दिलंय. उत्तर काहीही आलं तरी 12 तारखेला तुम्हाला सांगेन.
>
> 17 ऑक्टोबरला सकाळी साडेनऊला अर्धा तास फोनवर भेटू. यादीतली किती दुकानं झाली आणि विट्यात काय झालं, एवढंच बोलू.

यातल्या काही गोष्टींवर थोडं थांबतो, कारण पाठवायच्या आधी नेमक्या त्याच ओळी काढून टाकाव्यात असं तुम्हाला वाटेल.

इन्सेंटिव्हचा परिच्छेद काढू नका. मेसेज आला की सेल्स ऑफिसर आधी त्यातलं तेच शोधतो. ते नसेल तर वरचं सगळं वाचताना त्याचं मन तिकडेच असतं आणि पाच मिनिटांत आपसातल्या दुसऱ्या ग्रुपवर चर्चा सुरू होते. 'अजून ठरलं नाही, अमुक तारखेला सांगतो' एवढं लिहिलं तरी पुष्कळ. मात्र 12 तारखेला उत्तर आलं नसेल, तरी 'अजून आलं नाही' हा निरोप त्याच दिवशी गेला पाहिजे. माझ्या मसुद्यातला 90 टक्क्यांचा स्लॅब, विट्याचे बारा बीट आणि मोठी 40 दुकानं हे मी धरून चाललेले आकडे आहेत, तुमचे असतील ते लिहा. आणि वर खरोखर लिहून दिल्याशिवाय 'लिहून दिलंय' हे वाक्य ठेवू नका.

'तो निर्णय माझा होता' ही ओळ बोचेल. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर फोन करून डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल बांधायला ज्यांना लावलं होतं, तीच माणसं हा मेसेज वाचणार आहेत. त्यांना ते माहीत आहे. ते लपवून तुम्ही विट्याबद्दल किंवा यादीतल्या दुकानांबद्दल काहीही लिहिलंत तरी त्याला वजन राहणार नाही. वरून दाब होता हे मात्र मेसेजात लिहू नका. रिजनल मॅनेजरचं नाव पुढे करणारा मॅनेजर उद्या आपलंही नाव असंच पुढे करेल, असं टीम गृहीत धरते.

याच 24 लाखांमुळे पुढच्या तिमाहीचा एक वादाचा मुद्दा उभा राहतो. बऱ्याच कंपन्यांत हुकलेली रक्कम पुढच्या टार्गेटवर चढवतात, बॅकलॉग म्हणून. तुमच्यावर 72 लाख चढवायला निघाले तर रिजनल मॅनेजरपुढे ही फोड ठेवा. 24 लाखांची विक्री बुडालेलीच नाही, ती एप्रिल-जूनच्या खात्यात आधीच मोजली गेली आहे. ती पुन्हा मागितली तर डिसेंबरअखेर पुन्हा गोदामं भरावी लागतील आणि जानेवारीत हाच मेसेज पुन्हा लिहावा लागेल. 30 लाखांतला बराच भाग फळ्या भरल्या की ऑक्टोबरमध्ये वळता होईल, तो टार्गेटमध्ये धरायला हरकत नाही. विट्याचे 18 लाख गेले ते गेले. त्या दोन महिन्यांत विट्यातल्या लोकांनी दुसऱ्या कोणाच्या तरी साबणाने अंघोळ केली, तो साबण आपल्याकडे परत येत नाही. तिथे मागायचं ते एवढंच की बारा बीट पुन्हा जुलैच्या पातळीवर यावेत.

डिसेंबरच्या 20 दिवसांचं वचनही रिजनल मॅनेजरशी बोलल्याशिवाय देऊ नका. ते कबूल होत नसेल तर तो परिच्छेद सरळ गाळा. दिलेलं वचन 28 डिसेंबरला मोडण्यापेक्षा न दिलेलं बरं.

कामांच्या भागात 'बिल किती मोठं हे विचारणार नाही' असं मी मुद्दाम लिहिलंय. रक्कम विचारली की सेल्स ऑफिसर चार मोठ्या होलसेलरांकडे जाऊन आकडा पूर्ण करतो आणि छोटी किराणा दुकानं तशीच रिकामी राहतात. तुमचं आजचं दुखणं रिकाम्या फळ्यांचं आहे, म्हणून मोजायची ती दुकानं. दिवाळीच्या आठवड्यात पहिल्या अंघोळीचं तेल आणि साबण लोक घराजवळच्याच दुकानातून आणतात. तिथे आपला माल 16 तारखेपर्यंत पोहोचला नाही, तर नंतर सेल्समन मुलं सुट्टीवर जातात आणि भाऊबीज उलटेपर्यंत बाजारात माणूस सापडत नाही. यादी तुम्ही स्वतः काढून द्या. 'आपापली बंद दुकानं शोधा' असं सांगितलं तर प्रत्येकाची व्याख्या वेगळी निघेल आणि 17 तारखेचा अर्धा तास त्या वादातच जाईल.

एकेका माणसाचे आकडे ग्रुपवर टाकू नका. कोणाची कामगिरी खरंच कमी असेल, आणि नऊ-दहा जणांत एखाद्याची असतेच, तर त्याच्याशी समोर बसून बोला, त्याच्या दुकानांची यादी हातात घेऊन. या मेसेजात त्याची सूचक ओळसुद्धा नको. 'काही जणांनी अजून मनापासून काम करायला हवं' असं वाक्य पडलं की दहाच्या दहा जण ते स्वतःबद्दल आहे असं समजतात, आणि ज्याच्याबद्दल आहे तो बहुतेक वेळा समजत नाही. 'सगळे मिळून जोर लावू' हेही गाळा. त्यातून सोमवारी सकाळी कोणी काय वेगळं करायचं हे कळत नाही.

मेसेज शक्यतो सोमवारी सकाळी मुलं बीटवर निघण्याआधी जाऊ दे. शनिवारी संध्याकाळी गेला तर रविवारभर घरात तोच विषय घुमतो आणि कोणाला काही करता येत नाही. पाठवून झालं की त्या दिवशी फोन उचला. दोन-तीन जण तरी जूनबद्दल किंवा क्लेमबद्दल बोलायला फोन करतील. त्यात तुमची फोड सुधारणारी माहिती असेल तर ग्रुपवर एका ओळीत दुरुस्ती टाका.

आपलं निदान चुकलं का हे ऑक्टोबर सांगेल. यादीतल्या दुकानांत नव्या किमतीचा माल जायला लागला, पण दुसरी ऑर्डरच आली नाही, तर सप्टेंबरची तूट फक्त थांबलेल्या खरेदीची नव्हती. तेव्हा प्रतिस्पर्ध्याने किंमत कशी ठेवली, दर उतरल्यावर कोणी पाकिटातला माल वाढवला, हे दुकानात उभं राहून बघावं लागेल. तसंच विट्यात माणसं येऊन दोन फेऱ्या झाल्या आणि तरी पावडर हलली नाही, तर कारण रिकाम्या बीटच्या पलीकडे आहे. बहुधा त्या डिस्ट्रिब्युटरने आपल्या मालातलं भांडवल काढून दुसऱ्या कंपनीत लावलेलं असेल. तेव्हा त्याच्या गोदामात जा आणि आपल्या मालाच्या शेजारी काय रचलंय ते बघा. 17 तारखेच्या फोनवर हे दोन्ही प्रश्न विचारा.